पेशंट गेल्यानंतरचा पुढचा बेड

प्रश्न : मॅडम, मी कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे. कोर्ससाठी ‘कम्पॅशन फटीग आणि नर्सने स्वतःची घ्यायची काळजी’ यावर रिफ्लेक्टिव्ह निबंध लिहायचा आहे. खरं सांगायचं तर हल्ली वॉर्डात पेशंट गेला तरी मला काहीच वाटत नाही, आणि घरी आल्यावर मात्र तेच तेच डोळ्यांसमोर येतं. सुट्टी घेऊन झाली, योगासनंही करून पाहिली, फारसा फरक नाही. निबंधात काय लिहू, आणि खरोखर काय करू?

उत्तर :

आधी थकवा कुठल्या जातीचा आहे ते ओळखा, उपाय त्यानंतर. सुट्टीने आणि योगासनांनी फरक पडला नाही याचा अर्थ ते उपाय वाईट आहेत असा नाही. ते वेगळ्या दुखण्यावरचे आहेत.

नर्सिंगमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ‘कंटाळा आला’, ‘जीव नकोसा झाला’ म्हणतो. पहिली म्हणजे बर्नआउट. ती कामाच्या ओझ्यातून येते: कमी स्टाफ, लागोपाठ नाइट, न संपणारी कागदपत्रं, आपल्या म्हणण्याला किंमत नसणं. ती हळूहळू चढते, आणि वॉर्ड बदलला, रजा मिळाली, माणसं वाढली की उतरते. दुसरी आहे दुसऱ्याच्या यातना पाहून आपल्याला होणारा आघात, म्हणजे सेकंडरी ट्रॉमा. यात एखादा चेहरा, एखादा आवाज, एखादा वास परत परत येतो, माणूस दचकतो, ठरावीक खोलीत जायचं टाळतो. ही एखाद्या प्रसंगानंतर अचानक सुरू होऊ शकते, आणि रजेवर गेलं की सोबत रजेवर येते. तिसरी आहे नैतिक कोंडी. काय करायला हवं ते कळतंय, पण हात बांधलेले आहेत. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या नीतिशास्त्रावर लिहिताना ती मांडली. उपयोग नाही हे दिसत असताना चालू ठेवलेली केमो ज्या नर्सने रात्री तीन वाजता लावली आहे, तिला ही कोंडी समजावून सांगावी लागत नाही.

‘कम्पॅशन फटीग’ हे नाव नर्सिंगमध्ये आणलं कार्ला जॉइन्सन यांनी, १९९२ मध्ये, इमर्जन्सीतल्या नर्सेसबद्दल लिहिताना. पुढे चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये ते आघातग्रस्तांसोबत काम करणाऱ्या सगळ्यांना लागू केलं. आज आपण जी प्रश्नावली वापरतो तिच्यात बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमा हे कम्पॅशन फटीगचे दोन भाग मानलेत. निबंधात व्याख्या लिहायच्या तर एवढ्या पुरतात. अर्धा निबंध व्याख्यांनी भरला की लिहिणारी त्यात दिसेनाशी होते, आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं.

त्या प्रश्नावलीचं नाव प्रोक्वॉल, बेथ हडनॉल स्टॅम यांनी तयार केलेली. पाचव्या आवृत्तीत ३० वाक्यं आहेत. गेल्या ३० दिवसांत ते किती वेळा घडलं, याला प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. शेवटी तीन वेगवेगळ्या बेरजा निघतात: कामातलं समाधान, बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमा. प्रत्येकी दहा वाक्यं. बेरीज २२ किंवा कमी असेल तर ते प्रमाण कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ किंवा जास्त असेल तर जास्त. बर्नआउटच्या दहांपैकी पाच वाक्यं सरळ अर्थाची आहेत, म्हणजे ‘मी आनंदी आहे’, ‘माणसांशी माझं नातं टिकून आहे’ अशा धाटणीची. त्यांचे गुण उलटे करून घ्यायचे असतात, ५ दिले असतील तर १ धरायचा. हे विसरलं की चांगल्या मनःस्थितीतली नर्ससुद्धा बर्नआउट झालेली दिसते. दरवर्षी कोर्समध्ये कुणीतरी घाबरून येतं आणि बेरीज नीट केली की हसत जातं. तिन्ही बेरजा एकत्र करून एकच आकडा काढायचा नाही, त्याला काही अर्थ नाही. आणि ही चाचणी निदान करत नाही, कुठे बघायचं तेवढं दाखवते.

आता एक उदाहरण घेऊ. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरच्या बेरजा अशा आल्या: समाधान ३३, बर्नआउट २९, सेकंडरी ट्रॉमा ४३. पहिले दोन आकडे मध्यम. तिला काम आवडेनासं झालं नव्हतं, आणि कामाचा ताण आमच्यापैकी कुणाहून फार वेगळा नव्हता. तिसरा आकडा मात्र वर गेलेला. त्याआधी इन्चार्जने तिची अवस्था बघून आठवड्याची रजा दिली होती. रजेत तिने रोज संध्याकाळी वॉर्डात फोन केला, ‘अमका कसा आहे, तमकीचे काउंट वाढले का’ म्हणून. ती परत आली ती होती तशीच. रजा मिळाली ती बर्नआउटला, आणि दुखणं होतं दुसरीकडे.

हे आमच्या लक्षात आलं ते तिच्या चेहऱ्यावरून नव्हे, तिच्या नर्सेस नोट्सवरून. वॉर्डात ती हसतमुख होती, कामात चोख होती, एकही औषध चुकत नव्हतं. पण आधीच्या महिन्यांतल्या तिच्या नाइटच्या नोंदी अशा असत: ‘तोंडातल्या फोडांमुळे पाणीही गिळवत नाही. मॉर्फिननंतर अर्ध्या तासाने झोप लागली. पहाटे उठून आईशी बोलायचं म्हणाला, फोन लावून दिला.’ अलीकडच्या नोंदी होत्या: ‘पेशंट आरामात. विशेष तक्रार नाही.’ प्रत्येक बेडला तेच वाक्य. त्यातल्या एका रात्री, त्याच पेशंटच्या औषधांच्या तक्त्यावर दुखणं उसळल्यामुळे दिलेले मॉर्फिनचे दोन जादा डोस तिच्याच सहीने नोंदलेले होते. डोस दोन वेळा दिला आणि नोंद लिहिली ‘आरामात’. ती खोटं लिहीत नव्हती. तिने दुखणं पाहिलं, औषध दिलं, आणि पाहिलेलं मनात उतरू दिलं नाही. कागदावर ते तसंच उमटलं.

म्हणून निबंधाच्या तयारीसाठी पहिलं काम सांगते. स्वतःच्या जुन्या आणि नव्या नोट्स, ड्युटीवर असतानाच, शेजारी शेजारी ठेवून वाचा. पेशंटचे स्वतःचे शब्द त्यात किती वेळा येतात? नातेवाइकाचा उल्लेख येतो का? दुखण्याची जागा, वेळ, उतार लिहिलाय का, की नुसतं ‘ठीक’? स्वतःच्या भावनांबद्दल आठवून लिहिण्यात आपण स्वतःला सांभाळून घेतो. नोंदी आपण त्या हेतूने लिहिलेल्याच नसतात, त्यामुळे त्या जास्त प्रामाणिक असतात. केस पेपरचा फोटो काढायचा नाही, काही घरी न्यायचं नाही. काय बदललं तेवढं स्वतःच्या शब्दांत टिपून घ्या. नोट्सखेरीज आणखी दोन खुणा बघण्यासारख्या आहेत. एक, खोलीत शिरल्यावर तुमची नजर आधी कुठे जाते, पंपाकडे की माणसाकडे. दुसरी, पंपाचा अलार्म तुम्ही काय झालंय ते वाचून बंद करता की बंद करून मग वाचता. त्या सिस्टरचं हे दुसरं सुरू झालं होतं, आणि ते सुरक्षिततेच्या दृष्टीनेही वाईट.

मागे मागे जात आम्ही एका पेशंटपाशी पोचलो. ल्युकेमियाचा विशीतला मुलगा, पहिल्या केमोपासून आमच्याकडेच येत-जात होता. एका फेरीनंतर पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या, हुडहुडी भरून ताप आला. पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत गेलं पाहिजे हे तिला पाठ होतं, आणि ते गेलंही. तरी दुपारपर्यंत बीपी पडलं आणि त्याला आयसीयूत हलवलं. हुडहुडीत त्याने तिचा हात धरून विचारलं होतं, ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ तिने विषय बदलला होता. आपण सगळ्याच बदलतो. तो हलला आणि तासाभरात त्या बेडवर नवी अ‍ॅडमिशन आली, जवळपास त्याच वयाची, तीही तिलाच मिळाली. तिसऱ्या दिवशी आयसीयूतच त्याचा मृत्यू झाला. तिला ते कळलं जेवणाच्या खोलीत, दुसऱ्या वॉर्डातल्या कुणीतरी बोलता बोलता सांगितलं तेव्हा.

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्याला मान्यता न मिळालेलं दुःख म्हटलं, ते हेच. घरच्यांना रडायला जागा असते, विधी असतो, भेटायला माणसं येतात. नर्स नात्यातली नाही, तेव्हा तिचं काही गेलंय असं कुणी धरत नाही, तीही धरत नाही. आणि इथे तर शेवट तिने पाहिलेलाही नव्हता. तिच्या लेखी तो मुलगा अजून हुडहुडीतच होता. घरी भांडी घासताना तिला तो हात आठवायचा आणि मग पुढचा दीड-दोन तास काही सुचायचं नाही. रजेतले ते फोन त्यातूनच येत होते. जो निरोप तिला मिळाला नाही, तो ती दुसऱ्या पेशंटांबद्दल रोज मागत होती.

इथे एक संशोधन उपयोगी पडतं. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही स्वयंसेवकांना दुःखात असलेल्या माणसांचे व्हिडिओ दाखवले. आधी त्यांना समोरच्याचं दुःख स्वतःत अनुभवण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांच्या नकोशा भावना वाढल्या. मग त्याच माणसांना समोरच्याचं भलं चिंतण्याचा, त्याच्याबद्दल आस्था बाळगण्याचा सराव दिला, तेव्हा त्या भावना खाली आल्या आणि सकारात्मक भावना वाढल्या. मेंदूतली कामाला लागणारी जाळीही दोन्ही वेळा वेगळी होती. त्यावरून त्या संशोधकांचं म्हणणं असं की थकवते ती करुणा नाही, दुसऱ्याच्या यातनेत स्वतः बुडून जाणं थकवतं. ते प्रयोगशाळेतले स्वयंसेवक होते, बारा तासांच्या ड्युटीवरच्या नर्सेस नव्हत्या, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा वॉर्डात आणू नका. पण दिशा बरोबर आहे असं माझं मत आहे. ‘जास्त गुंतू नकोस’ हा सल्ला आपण नव्या मुलींना पिढ्यानपिढ्या देत आलो, आणि त्यातून ‘पेशंट आरामात’ अशा नोंदी निपजल्या. गुंतायचं कसं ते शिकवायला हवं होतं.

बेडजवळ हे कसं दिसतं ते सांगते. हुडहुडी भरलेला पेशंट समोर आहे. मनात आलं, ‘माझा भाऊ याच वयाचा आहे, त्याला असं झालं तर?’ की छातीत धडधडतं, हात घाई करतात, आणि आपल्याला खोलीबाहेर पडावंसं वाटतं. त्या क्षणी प्रश्न बदलायचा: ‘याला आत्ता, पुढच्या दोन मिनिटांत, माझ्याकडून काय हवंय?’ दुसरं पांघरूण. डॉक्टरांना फोन. अँटिबायोटिक कुठवर आलंय ते बघणं. आणि तेवढी दोन मिनिटं तिथे उभं राहणं. ‘मी वाचेन ना’ याचं उत्तर आपल्याकडे नसतं. ‘भीती वाटतेय का? मी आहे इथे, औषध सुरू झालंय’ हे मात्र खरं असतं आणि ते म्हणता येतं. करण्यासारखं काही एक सापडलं की मन बाहेर पळायचं थांबतं. हे वाचून लगेच जमत नाही. त्या सिस्टरला आधी सोप्या पेशंटवर, ड्रेसिंग करताना, सराव करावा लागला. ऐन हुडहुडीत नवी सवय लागत नाही.

दुसरी गोष्ट दोन बेडच्या मधली. हँड रब नीट करायला २० ते ३० सेकंद लागतात आणि ते आपण प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर करतोच. तेवढ्या वेळात वेगळं काही शोधायला नको. तळवे चोळताना श्वास आत घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा, दोनदा. बोटांत बोटं घालताना आत काय चाललंय त्याला मनातच नाव द्यायचं: भीती, राग, काहीच नाही. ‘काहीच नाही’ हेही नाव चालतं, तुमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे. अंगठे चोळताना पुढच्या पेशंटचं नाव मनात म्हणायचं. बेड नंबर नाही, नाव. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वॉर्डात भरपूर हसून झालं. टिकलं ते एवढ्याचसाठी की त्याला वेगळा वेळ लागत नाही. अर्थात कोड ब्लूच्या धावपळीत हे कुणी करणार नाही, करूही नये.

आणि मृत्यूनंतर एवढं पुरत नाही. जोनाथन बार्टेल्स हे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या इमर्जन्सी विभागात नर्स होते. पेशंट गेल्यावर सगळे हातमोजे काढून फेकतात आणि पांगतात, हे त्यांना खटकलं आणि त्यांनी ‘पॉझ’ म्हणजे थांबण्याची पद्धत सुरू केली. कृती अगदी साधी आहे. मृत्यू घोषित झाल्यावर खोलीतलं कुणीही, पदाने कितीही लहान असलं तरी, म्हणतं: ‘आपण क्षणभर थांबू या. हा कुणाचा तरी मुलगा होता, कुणाचा तरी मित्र होता. आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी केलेल्या कामाचीही आठवण ठेवू या.’ मग साधारण मिनिटभर शांतता. घरचे तिथे असतील आणि त्यांना हवं असेल तर तेही थांबतात. यात प्रार्थना नाही, कुठल्या धर्माचे शब्द नाहीत, त्यामुळे कुणाची अडचण होत नाही. आम्ही त्याला दोन गोष्टी जोडल्या. शेवटची स्वच्छता आणि आवराआवर एकटीने करायची नाही, दोघींनी करायची. आणि त्या बेडची नवी अ‍ॅडमिशन पहिला तास तरी, शक्य असेल तेव्हा, दुसरीने बघायची. दुसरी गोष्ट कायम जमत नाही. रात्री दोघीच असलो तर जमतच नाही. तरी इन्चार्जच्या ड्युटी वाटपात ती लिहिलेली असली की निदान विचारता येते.

आमच्या वॉर्डात सगळ्यात जास्त फरक ज्याने पडला ते काम याहूनही छोटं आहे. आमच्याकडून आयसीयूत किंवा दुसरीकडे हललेल्या पेशंटचं काय झालं, ते सकाळच्या ओव्हरमध्ये नावाने, एका वाक्यात सांगायचं. ‘काल हललेले अमुक पहाटे गेले. आई सोबत होती.’ किंवा ‘नळी काढली, बोलताहेत.’ आयसीयूच्या इन्चार्जकडून ही माहिती घेण्याचं काम ठरवून एकीकडे दिलं. जी ऑफला असेल तिला परत आल्यावर तिची ओव्हर देणारी सांगते. घरून फोन करायची गरज उरली नाही. जेवणाच्या खोलीत चुकून कळणं थांबलं. यातली बरी होऊन गेलेल्यांची बातमीही तितकीच लागते. वॉर्डाच्या वाट्याला येतात ती बिघडलेलीच माणसं, सुधारलेली दिसतच नाहीत, आणि समाधानाचा आकडा खाली जाण्याचं हे एक कारण असतं.

आता बोलून मोकळं होण्याबद्दल. प्रसंग घडला की त्याच दिवशी सगळ्यांना बसवून ‘काय पाहिलं, काय वाटलं’ वदवून घ्यायचं, असं डीब्रीफिंग बऱ्याच ठिकाणी होतं. आघातानंतर लगेच दिलेल्या अशा एकाच बैठकीने पुढचा आघातजन्य ताण टळत नाही, काहींना उलट त्रासच होऊ शकतो, असा कॉक्रेनच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा सक्ती नको. उपचारांत काय राहिलं हे बघणारी बैठक वेगळी, ती व्हायलाच हवी. पण तिच्यात भावना ओढून काढायला जाऊ नये. नियमित चालणारी, हवं तर बोला अशी जागा असेल तर तिचा उपयोग होतो. श्वार्ट्झ राउंड्स हा असाच प्रकार. बोस्टनमधल्या केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, १९९५ मध्ये ते गेले. आजारपणात काळजी घेणाऱ्यांच्या माणुसकीचा त्यांना जो अनुभव आला त्यातून त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. या राउंडमध्ये डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे एका केसच्या भावनिक बाजूवर बोलतात, आणि प्रश्न सोडवायला कुणी बसत नाही. ही किंवा अशी कुठलीही बैठक ड्युटीच्या वेळेत हवी. ड्युटी संपल्यावर तासभर थांबवून घेतलेली ‘मनःस्वास्थ्य बैठक’ ही माझ्या मते आणखी एक ड्युटी असते.

मैत्रिणीजवळ बोलताना एक पथ्य पाळा. आधी विचारा, ‘मला एका पेशंटबद्दल सांगायचंय, तुला आत्ता झेपेल का?’ आणि रक्तामांसाचा तपशील टाळून आपल्याला काय झालं तेवढं सांगा. नाहीतर आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर जातं आणि आपलं जातच नाही. झोप, व्यायाम, वेळेवर खाणं याबद्दल मी लांबण लावत नाही, ते तुम्ही पेशंटला रोज सांगता. एवढंच म्हणेन की लागोपाठच्या नाइटनंतर प्रोक्वॉल भरू नका. त्या दिवशी जगच वाईट दिसतं.

यानंतरही काही थकवा उरतोच, आणि तो तुमच्या हातातला नसतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला. एका नर्सकडे सर्जरीचा एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. हँड रबमधल्या श्वासाने हे गणित बदलत नाही. म्हणून स्वतःच्या काळजीवरच्या निबंधात इन्चार्ज आणि मेट्रनकडे काय मागायचं त्याचा एक परिच्छेद हवाच. ‘स्टाफ कमी आहे’ एवढंच लिहिलं की ते फाइलला लागतं. ‘अमक्या आठवड्यात इतके मृत्यू झाले, त्यातल्या इतक्या वेळा त्याच नर्सला तासाभरात नवी अ‍ॅडमिशन मिळाली’ असं मोजून लिहिलं की त्यावर बोलावं लागतं.

त्या सिस्टरने दोन महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा सेकंडरी ट्रॉमा ३४ वर आला होता, समाधान ३७. बर्नआउट ३०, म्हणजे जवळपास होतं तिथेच होतं, कारण वॉर्डातली माणसं तेवढीच होती. तिच्या नोंदींमध्ये पेशंटचे शब्द परत यायला लागले. हे सगळं वॉर्डातल्या बदलांनी झालं असं मात्र नाही. मध्यंतरी ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडेही जात होती. तो हात आठवणं महिना उलटूनही थांबत नव्हतं, आणि तिथे सहकाऱ्यांची मदत अपुरी पडते. महिन्याहून जास्त काळ तीच चित्रं येत असतील, झोप मोडत असेल, एखाद्या खोलीत पाऊल टाकवत नसेल, तर वाट बघू नका. झोपेसाठी दारू किंवा वॉर्डातली गोळी हाताशी घ्यावीशी वाटू लागली, किंवा मरणाचे विचार यायला लागले, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आपल्या हाती औषधांच्या कपाटाची किल्ली असते, त्यामुळे ही गोष्ट आपल्या व्यवसायात दुप्पट धोक्याची आहे.

निबंधाच्या मांडणीसाठी ग्रॅहॅम गिब्ज यांचं १९८८ चं चक्र तुम्हाला शिकवलं असेल: काय घडलं, काय वाटलं, बरंवाईट काय, असं का झालं, काय शिकले, पुढे काय करणार. बहुतेक निबंध पहिल्या दोन पायऱ्यांवर फुगतात आणि चौथीवर येऊन दमतात. तुम्ही उलट करा. घडलेलं दहा ओळींत आटपा आणि ‘असं का झालं’ याला जागा द्या. तुमच्या तीन बेरजा, नोंदींमधला फरक आणि ज्याचा निरोप राहिला तो पेशंट, हे तिथे येऊ दे. वय, बेड नंबर, तारीख, दुर्मीळ निदान काढून टाका. वॉर्डातल्या माणसाने वाचलं तरी कोण ते कळता कामा नये. आणि निबंधाला गुण मिळणार आहेत हे विसरू नका. परीक्षकाने वाचू नये असं जे आहे ते निबंधात घालू नका, ते समुपदेशकाकडे न्या. काही राखून ठेवल्याने निबंध अप्रामाणिक होत नाही.

शेवटच्या पायरीत ‘मी ध्यान करेन, छंद जोपासेन’ असं लिहू नका. कुठलं एक काम, कुठल्या ड्युटीत, कुणासोबत, कुठल्या तारखेपर्यंत, असं लिहा. उदाहरणार्थ, ‘हललेल्या पेशंटची खबर ओव्हरमध्ये सांगण्याबद्दल या महिन्याच्या वॉर्ड मीटिंगमध्ये इन्चार्जशी बोलेन. दोन महिन्यांनी, नाइट संपल्यावर दोन दिवस जाऊ देऊन, प्रोक्वॉल पुन्हा भरेन. तिसरी बेरीज तेव्हाही ४२ च्या खाली आली नसेल तर अमक्यांची वेळ घेईन.’ त्या अमक्यांचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.